पाहिलं तेवढंच लिहीन

नोव्हेंबर लागला की आमच्या स्टाफरूमच्या दारात मुलं घुटमळायला लागतात. ‘मॅडम, एक लेटर ऑफ रेकमेंडेशन मिळेल का?’ परदेशातल्या, त्यातही अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि अर्जासोबत दोन-तीन शिक्षकांची शिफारस मागितलेली असते. विचारणाऱ्याचा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र आठवत नाही. प्रथम वर्षाला शंभरावर मुलं समोर बसतात. त्यातली पहिल्या दोन बाकांवरची आणि सतत प्रश्न विचारणारी तेवढी लक्षात राहतात.

मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते. माझा मामा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. फारशी ओळख नसलेल्या माणसासाठी शब्द टाकावा का, यावर आम्हा दोघांचं कधी जमलेलं नाही. दिवाळीनंतर तो घरी आला तेव्हा विषय पुन्हा निघाला, आणि या वेळी आम्ही तो मध्येच सोडला नाही.

मामा : त्या मुलाला पत्र द्यायला तू आठवडा लावलास म्हणे. एवढं काय असतं गं त्यात? मी नोकरीत असताना दारात आलेल्या एकाही पोराला परत पाठवलं नाही. ‘सदर विद्यार्थी सुस्वभावी, होतकरू व मेहनती आहे’ असं लिहायचं, सही करायची, शिक्का मारायचा. माझ्या कागदानं कुणाचं नुकसान झालेलं मला तरी आठवत नाही.

मी : तो कागद जायचा कुठे?

मामा : होस्टेलला, डी.एड.च्या प्रवेशाला, मुंबईत कुणाकडे नोकरीला जाणार असेल तर तिथे.

मी : तिथे तुझ्या कागदावर निर्णय होत नव्हता, मामा. ते गुणपत्रिका बघायचे, नाहीतर मुलाला समोर उभा करून बघायचे. हा मुलगा खरंच या शाळेत होता आणि त्याच्याबद्दल तक्रार नाही, एवढंच तुझा कागद सांगायचा. तो दाखला. तसा दाखला मीही कुणालाही देते, रजिस्टर उघडून. त्याला ओळख लागत नाही. शिफारस मागणारे मात्र रजिस्टरमध्ये नसलेलं विचारतात.

मामा : म्हणजे काय विचारतात?

त्याला मी लॅपटॉपवर एक फॉर्म दाखवला. पद्धत अशी असते. विद्यार्थी अर्जात माझा ईमेल पत्ता भरतो आणि विद्यापीठाकडून मला थेट लिंक येते. पत्र मुलाच्या हातून जात नाही. पहिलाच प्रश्न असतो, तुम्ही या उमेदवाराला किती काळ आणि कोणत्या नात्यानं ओळखता? मग पुष्कळ ठिकाणी एक तक्ता येतो. डावीकडे विषयाची समज, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, लेखन, चिकाटी, इतरांबरोबर काम करणं. उजवीकडे रकाने : तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, 25 टक्क्यांत, वरच्या निम्म्यात. विद्यापीठागणिक आकडे थोडे बदलतात. अगदी शेवटी एक रकाना असतो, ‘मत देण्याइतकी संधी मिळाली नाही.’ तक्त्याखाली पत्र जोडायची जागा.

मामा : आणि हे मुलाला दिसत नाही?

मी : बहुधा नाही. अमेरिकेत 1974 च्या एका कायद्यानं विद्यार्थ्यांना आपल्याबद्दलची शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क दिला. म्हणून अर्जातच विचारतात, या पत्रापुरता तो हक्क सोडतोस का? बहुतेक मुलं सोडतात, कारण न सोडलेल्या पत्राला वाचणारे कमी मानतील अशी भीती असते. म्हणजे मी काय लिहिलं ते त्याला कळणार नाही. माझ्या ‘हो’वर विसंबून तो दुसऱ्या कुणाकडे जात नाही. तेव्हा मी ‘हो’ म्हणून कोरडं पत्र पाठवलं, तर त्याचं नुकसान होतं आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मामा : कोरडं का पाठवायचं? चांगलंच लिहायचं.

मी : काय चांगलं लिहू? न बघितलेलं?

इथे मामानं त्याचा नेहमीचा मुद्दा काढला आणि तो हलका नाही. तो म्हणाला, शब्दांना एवढी किंमत लावायला हे काही कोर्ट नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणून कितीजण त्याच्याकडे आले, त्यांना त्यानं सरळ नाही म्हटलं. तिथे नाही म्हणायलाच हवं, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो, त्यात जामीनदाराचंही नाव येतं आणि जप्ती त्याच्याही दारात येऊ शकते.

मामा : जामिनात माझं घर जातं. शिफारसपत्रात माझं काय जातं? काही नाही. मग ज्यात माझं काही जात नाही आणि पोराचं भलं होतं, तिथे हात आखडता का घ्यायचा?

मी : तुझं जात नाही, हे खरं. पुढच्या वर्षी याच कॉलेजातून जो मुलगा अर्ज करील त्याचं जातं. पत्र वाचणारी माणसं दर वर्षी बदलत नाहीत. ‘माझ्या विद्यार्थ्यांतल्या वरच्या 5 टक्क्यांत’ असं मी दर वर्षी सात-आठ जणांना दिलं आणि त्यातले दोघं तिथे जाऊन पहिल्याच सहामाहीत अडखळले, तर नवव्या मुलीचं पत्र कोण वाचेल? आणि ती मुलगी खरोखरच त्या पाच टक्क्यांतली असली, तर तिच्यासाठी मी काय नवीन लिहू? सगळे शब्द आधीच वापरून झालेले असतात.

मामा थोडा वेळ फॉर्म बघत राहिला. मग त्यानं विचारलं, ‘पण मुलंच मसुदा लिहून आणतात ना? तुला फक्त सही करायची असते.’ ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि माझ्या मते जास्तीत जास्त बिघाड इथेच होतो. मुलगा इंटरनेटवरून एक नमुना उतरवतो, त्यात आपलं नाव घालतो आणि तोच थोडासा फिरवून तीन शिक्षकांना देतो. तिघं सही करतात. वाचणाऱ्यासमोर तिन्ही पत्रं शेजारी शेजारी उघडतात, तेव्हा तिन्हीत ‘हॅव द प्लेझर ऑफ नोइंग’ आणि तिन्हीत तेच चार गुण त्याच क्रमानं असतात. असा मसुदा हातात आला की तो ओळखता येतो. विशेषणं भरपूर असतात, एकही प्रसंग नसतो. ‘उत्कृष्ट विश्लेषणक्षमता’ असते, पण कशाचं विश्लेषण केलं ते नसतं. सगळ्यात धोक्याचं वाक्य पहिलंच असतं : ‘मी या विद्यार्थ्याला तीन वर्षं जवळून ओळखते.’ ते खोटं असतं आणि त्याच्याखाली सही माझी असते.

मी मसुदा घेत नाही, माहिती मागते. गुणपत्रिका, कुठे आणि कशासाठी अर्ज करतोय, तिथे पाठवायचं स्वतःचं निवेदन, प्रोजेक्टचा अहवाल आणि माझ्या प्रॅक्टिकलचं जर्नल. सोबत शेवटची तारीख. तीन आठवडे हातात असावेत. ‘मॅडम, उद्या रात्री बारापर्यंत’ असं आलं तर बहुतेक वेळा तिथेच नाही म्हणते, कारण एका रात्रीत ओळख करून घेता येत नाही.

मामा : हे सगळं ऐकायला ठीक आहे. आता माझं ऐक. ज्याला कॉलेजात कुणी ओळखत नाही, तो मुलगा कोण असतो? मिरकरवाड्यातून येणारा, पहाटे बंदरावर काम करून आठच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसणारा. नाहीतर लांज्याच्या आतल्या एखाद्या वाडीतली मुलगी, जिची शेवटची एसटी चुकली तर घरी जाता येत नाही. ही मुलं तास संपला की पळतात. तुझ्या केबिनमध्ये येऊन शंका विचारत बसायला त्यांना वेळ कुठला? तू म्हणणार, मी ओळखत नाही, सही करणार नाही. मग पत्र मिळणार कुणाला? ज्याचे वडील तुझ्या ओळखीचे, जो गावठी उच्चार न करता इंग्रजी बोलतो, जो स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करतो, त्याला. तुझा हा काटेकोरपणा म्हणजे वशिल्याला लावलेलं कुलूप नाही, वशिल्याची किल्लीच आहे.

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. आपण कुणाला ‘ओळखतो’ याच्यात बोलकेपणाचा, जातीचा, घराण्याचा, भाषेचा किती वाटा असतो, हे शिक्षकानं स्वतःला विचारायलाच हवं. ते न विचारता ‘मी ओळखीशिवाय देत नाही’ असं म्हणणं अन्यायाचंच आहे.

मी : मग त्यावर तुझा उपाय काय? सगळ्यांना सारखंच खोटं लिहून द्यायचं?

मामा : खोटं कशाला? विश्वास टाकायचा. माणसावर विश्वास टाकल्यानं माणसं उभी राहतात. धोंडो केशव कर्व्यांचंच बघ. आपल्या मुरूडचा माणूस. मुंबईत शाळांमध्ये आणि शिकवण्यांमध्ये दिवस काढत होता. 1891 मध्ये गोखल्यांनी फर्ग्युसनला गणित शिकवायला बोलावलं. टिळक बाहेर पडल्यानं जागा रिकामी होती. टिळकांच्या जागी एक शाळामास्तर, म्हणजे केवढी जोखीम! गोखल्यांनी शब्द टाकला नसता तर पुढचे महर्षी कर्वे कुठे असते?

मी : मामा, गोखले आणि कर्वे एल्फिन्स्टन कॉलेजात एकाच काळात शिकले. दोघंही 1884 चे पदवीधर. गोखल्यांनी हा माणूस अभ्यास करताना बघितला होता. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

मामा : बरं, मग हार्डी घे. 1913 च्या जानेवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कारकुनाचं पत्र केंब्रिजला गेलं. हार्डीनं रामानुजनला कधी पाहिलं होतं? नाव तरी ऐकलं होतं? त्याच्या आधी दुसऱ्या गणितज्ञांकडे कागद गेले होते, त्यांच्याकडून काही झालं नाही. ते सगळे तुझ्यासारखे असणार, ओळख नाही म्हणून बाजूला ठेवणारे.

मी : हार्डीनं पत्र वाचल्यावर काय केलं ते बघ ना. लगेच शब्द टाकला नाही. त्यानं आपला सहकारी लिटलवूड याला बोलावलं आणि दोघांनी त्यातली सूत्रं तपासली. काही आधीच माहीत असलेली होती, काही ताडून बघण्यासारखी, काही त्यांनी कधीच न पाहिलेली. मग त्यानं त्या माणसासाठी धडपड सुरू केली. माणूस अनोळखी होता, पण त्याचं काम त्यानं स्वतःच्या डोळ्यांखालून घातलं होतं. आणि आधीच्यांची चूक मला तू म्हणतोस ती वाटत नाही. ओळख नव्हती हा दोष त्यांचा नव्हता, कागद नीट उघडून बघितला नाही हा होता.

बोलता बोलता माझ्या मनात हा धागा स्पष्ट झाला. माणूस किती वर्षांपासून माहीत आहे, याला फार महत्त्व नाही. त्याच्या कामातलं काय मी स्वतः पाहिलं आहे, आणि नसेल पाहिलं तर आता पाहू शकते का, हे महत्त्वाचं. मामाच्या मिरकरवाड्याच्या मुलाला माझ्याकडून मिळायला हवा तो माझा अर्धा-पाऊण तास. न वाचता केलेली सही त्याला कमी पडेल.

मामा : मग त्या मुलाचं सांग. ज्याला आठवडा लावलास.

तो मुलगा मला खरोखर आठवत नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे प्रॅक्टिकलच्या एका बॅचला होता, एवढंच. पर्यावरण रसायनशास्त्रात एम.एस. करायला अर्ज करत होता, मुदत 15 डिसेंबर, पत्रं तीन. सोबत मसुदा होताच, ‘तीन वर्षं जवळून’ या वाक्यासकट. मी त्याला म्हटलं, ‘हा राहू दे. शुक्रवारी जर्नल आणि प्रोजेक्टचा अहवाल घेऊन ये. बघून मग हो की नाही सांगते.’ ‘बघून मग’ हे शब्द मी मुद्दाम वापरते. होकाराची आशा लावून मग माघार घेणं जास्त लागतं.

जर्नल उघडलं. टायट्रेशनच्या पानावर बहुतेक मुलांची तीन वाचनं अगदी सारखी असतात, 9.9, 9.9, 9.9. तशी ती क्वचितच येतात. पुष्कळदा एक नीट घेऊन बाकीची मागून भरलेली असतात आणि आम्हालाही ते माहीत असतं. याच्या पानावर 10.3, 9.8, 9.9, 9.9 होतं, आणि पहिल्यापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रंग जास्त गडद झाला, धरू नये.’ खाली माझीच सही होती. म्हणजे हे मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं आणि विसरले होते.

प्रोजेक्ट त्यानं लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत केला होता, पाण्याचा सीओडी काढण्याचा. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं ऑक्सिडीकरण व्हायला किती ऑक्सिजन लागेल, ते यात मोजतात. नमुना आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट घालून दोन तास उकळवायचा आणि उरलेलं डायक्रोमेट टायट्रेशननं मोजायचं. मी विचारलं, ‘सोबत नुसत्या शुद्ध पाण्याची बाटली का उकळवतात?’ उत्तर बरोबर आलं, पण ते पाठ करूनही देता येतं. मग विचारलं, ‘तुझा तिसरा नमुना खाडीचा आहे. त्याच्या आकड्यावर तुझा विश्वास आहे का?’ तो म्हणाला, नाही. खारट पाण्यात क्लोराइड फार असतं. डायक्रोमेट त्याच्यावरही खर्च होतं आणि सीओडी असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधतात, पण खाडीच्या पाण्याला नेहमीचं प्रमाण पुरत नाही. त्याच्या अहवालात त्या आकड्यापुढे फुली होती आणि खाली हेच कारण लिहिलेलं होतं.

मामा : मग दिलंस पत्र.

मी : दिलं. पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं, की मी याला एका सत्राच्या प्रॅक्टिकलपुरतं शिकवलं आणि हे पत्र लिहिण्याआधी पाऊण तास त्याच्या कामावर बोलले. मग दोन गोष्टी लिहिल्या, टायट्रेशनचं पान आणि खाडीचा नमुना. स्वतःच्याच आकड्यावर संशय घेणारा विद्यार्थी आहे, असं लिहिलं. तक्त्यात विषयाची समज आणि प्रामाणिकपणा यांपुढे खुणा केल्या. नेतृत्व आणि इतरांबरोबरचं काम यांपुढे ‘संधी मिळाली नाही’. आणि त्याला सांगितलं, की तुझं मुख्य पत्र प्रयोगशाळेत ज्यांच्या हाताखाली काम केलंस त्यांचं हवं. माझं तिसरं ठेव.

मामा : तेवढे रकाने रिकामे सोडले म्हणजे वाचणाऱ्याला संशय येणार नाही?

मी : थोडं नुकसान होत असेलही. पण सगळीकडे ‘वरच्या 5 टक्क्यांत’ अशी खूण करणाऱ्यानं या मुलाला एका प्रॅक्टिकलपुरतं पाहिलंय, हे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं. मग खरी खूण कुठली, हे त्यानं कसं ओळखावं? कार्नेगी मेलनमधल्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापक मॉर हार्चोल-बाल्टर यांनी पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आहे. त्यात त्या सांगतात, की ‘वर्गात चांगले गुण मिळवले’ एवढंच सांगणाऱ्या पत्राची किंमत शून्य धरली जाते. गुण त्यांना गुणपत्रिकेत दिसतातच. म्हणून माझी कसोटी एवढीच आहे. गुणपत्रिकेत नसलेल्या दोन गोष्टी, स्वतः पाहिलेल्या, मी लिहू शकते का? लिहू शकले तर हो. पाऊण तास बसूनही सापडल्या नाहीत तर नाही.

‘नाही’ हा शब्द आला तसा मामा सरसावून बसला. त्याचा खरा आक्षेप तिथेच होता. रत्नागिरी काही मुंबई नाही. ज्याला नाही म्हणाल तो मारुती आळीत समोर येतो, त्याची आई हळदीकुंकवाला भेटते, त्याचा काका आपल्या बँकेत असतो. मामा म्हणाला, ‘समज, मी तुझ्या सासूबाईंच्या ओळखीतला आहे. फोन केलाय. नाही म्हणून दाखव.’ आम्ही तसं करून पाहिलं.

मामा : नमस्कार, मॅडम. आमच्या पुतणीला तुमचं एक पत्र हवं होतं. तुमच्याच वर्गात होती म्हणे. घरचंच काम समजा.

मी : नमस्कार, काका. तिलाच मला भेटायला सांगा ना. सोमवारी तीननंतर मी कॉलेजात आहे. येताना गुणपत्रिका आणि प्रोजेक्ट आणायला सांगा.

मामा : ती लाजरी आहे हो. मीच येऊन मसुदा देऊन जातो.

मी : पत्र तिचं आहे, काका, तेव्हा बोलणं तिच्याशीच व्हायला हवं. लाजरी असली तरी चालेल, मी काही परीक्षा घेत नाही.

इथे मी मामाला सांगितलं, की मध्यस्थाला मी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. नकार काकांना दिला तर त्यात दोन घरांचा मान अडकतो. मुलीला एकटीला, दार लोटून, समोर बसवून दिला तर ते फक्त एका पत्राबद्दलचं बोलणं राहतं. चहाच्या टपरीवर किंवा तिच्या मैत्रिणींसमोर तर कधीच नाही.

मामा : आता मी ती मुलगी. बोल.

मी : हे बघ, तुझं सगळं वाचलं. मी तुला एकच पेपर शिकवला आणि तुझं काम जवळून बघायचा योग आला नाही. मी पत्र लिहिलं तर ते चार ओळींचं होईल, आणि तसं पत्र तुला मदत करणार नाही, उलट एक जागा वाया घालवील. तुझा प्रोजेक्ट ज्यांनी तपासला, त्यांनी तुला वर्षभर पाहिलंय. त्यांच्याकडे आजच जा, मुदतीला अजून वीस दिवस आहेत. तुझं निवेदन मात्र माझ्याकडे दे, मी ते वाचून दुरुस्त्या सांगते.

मामा : त्या नाही म्हणाल्या तर?

मी : तर पुन्हा ये, आपण आणखी कोण आहे ते बघू. पण त्या देतीलच असं मी त्यांच्या वतीनं सांगू शकत नाही.

मामा गप्प झाला. मग म्हणाला, ‘मी असतो तर “बघू” म्हटलं असतं.’ हे ‘बघू’ आपल्याकडचं फार जुनं आहे. बोलणाऱ्याच्या मनात तो नकार असतो, ऐकणाऱ्याला तो अर्धा होकार वाटतो. मुलगी दहा दिवस वाट बघते, पुन्हा फोन करायला संकोचते आणि मुदत टळते. त्याहून सरळ नकार दुसऱ्या दिवशी दिला तर तिच्या हातात दिवस राहतात. ‘वेळ नाही’ हेही मी सांगत नाही, कारण समोरचा म्हणतो, आठवड्यानं दिलंत तरी चालेल. मग दुसरी सबब शोधावी लागते. ‘कॉलेजचा नियम आहे’ म्हणावं, तर महिन्याभरात तिच्या मैत्रिणीला माझं पत्र मिळालेलं तिला कळतं, आणि तेव्हाचा राग खरा असतो. कारण एकच द्यावं, खरं द्यावं, आणि ते तिच्या उणिवेबद्दल नसून मी काय पाहिलं नाही त्याबद्दल असावं.

मामा : आणि कारण तिची उणीवच असेल तर? समज, तिनं प्रोजेक्ट दुसऱ्याचा उतरवलाय आणि तुला ते माहीत आहे.

मी : तर गोड बोलून वाटेला लावत नाही. ‘मी लिहिलेलं पत्र तुझ्या बाजूचं असणार नाही, म्हणून मी ते लिहीत नाही,’ असं सांगते आणि का तेही सांगते. ती रागावेल. चालेल. हो म्हणून मागून वाईट पत्र पाठवायचं, हे मात्र मी करणार नाही. तिला ते दिसणार नसतं आणि आपला बचावही करता येणार नसतो.

मामाला हे पटलं की नाही, मला कळलं नाही. त्यानं वेगळाच विषय काढला. त्याच्या आळीतल्या एका मुलाला सराफी पेढीत नोकरी मिळत होती. पेढीवाल्यानं दोन ओळखीच्यांची नावं आणि फोन नंबर मागितले होते, आणि मुलानं मामाचं नाव दिलं होतं.

मामा : मी हो म्हणून बसलोय. लहानपणापासून बघतोय, पण येता-जाता नमस्कार करण्यापलीकडे तसा संबंध नाही. तुझ्या हिशेबानं मी नाहीच म्हणायला हवं होतं.

मी : पेढीवाला काय विचारील?

मामा : पैशाला कसा आहे, हेच. दुसरं काय विचारणार? आणि ते मला माहीत नाही.

मी : खरंच काहीच माहीत नाही? त्याच्या हातात तुझे पैसे कधी गेले नाहीत?

मामा बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, 2020 च्या लॉकडाउनमध्ये, मामीच्या गोळ्या आणि किराणा आणायला कुणी नव्हतं, तेव्हा हाच मुलगा आणून द्यायचा. पाचशेची नोट द्यायची, आणि संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली असायची. आत प्रत्येक दुकानाचं बिल टाचणीनं टाचलेलं आणि उरलेले पैसे वेगळ्या पाकिटात. एकदा औषधवाल्यानंच बावीस रुपये जास्त परत दिले होते. ते त्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन परत केल्याचं मामाला औषधवाल्याकडून कळलं होतं.

मामा : किती महिने चाललं ते आठवत नाही आता. पण हिशेब चुकला नाही. हे सांगू?

मी : हेच सांग. बिलं टाचून आणायचा तेही सांग. बावीस रुपयांचं मात्र तू पाहिलं नाहीस, ते औषधवाल्यानं पाहिलं. पेढीवाल्याला त्याचा नंबर दे.

मामा : आणि मुलगा सुस्वभावी आहे म्हणून सांगितलं तर चालेल ना?

मी : पाहिलायस ना इतकी वर्षं? मग सांग की.